गरम मसाला भाजताना क्रम कोणता? (माप एकच, तरी एका घरचा मसाला कडू)

अबोली_चिपळूण

नमस्कार मंडळी. रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो, तिथेच एका वाण्याकडून मी आणि माझ्या वहिनीने (ती देवगडला असते) गरम मसाल्याचं सामान घेतलं. एकाच पोत्यातलं, एकाच काट्यावर, दोन पिशव्या. धणे १०० ग्रॅम, जिरे, बडीशेप आणि खसखस २५-२५, मिरी आणि दालचिनी १५-१५, लवंग, मसाला वेलची, हिरवी वेलची, शहाजिरे आणि दगडफूल १०-१०, जायपत्री, चक्रीफूल, तमालपत्र थोडं थोडं, आणि अर्धं जायफळ. मिरच्या नाहीत, हा नुसता गरम मसाला.

वहिनीचा मसाला छान तपकिरी झालाय आणि बरणी उघडली की वास स्वयंपाकघरभर होतो. आमचा काळपट झाला, आमटीत घातला की घोट गिळल्यावर मागून कडू लागतो, आणि आठवड्यात बरणीत खडे झाले. चमच्याने फोडावे लागतात.

आमच्याकडे भाजायचं काम सासूबाईंचं, दळायचं माझं. त्यांचं म्हणणं, वाण्याने जुना माल गळ्यात मारला. पण माल तर एकच होता! गौरीच्या सणाला वडे-सागोती असते, त्याच्या आत पुन्हा करायचाय, आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही. तर क्रम कोणता, आच किती आणि गार किती वेळ करायचं, हे नीट सांगा. कारणासकट सांगितलंत तर बरं, मला घरी पटवून द्यायचंय.

नारळीपुनव

मंद आच, एकेक जिन्नस वेगळा, संपला विषय. यात एवढं काय आहे?

मुंबईचा_मालवणी

आमच्याकडेही गेल्या वर्षी हेच झालं. मे महिन्यात बेडगी आणि लवंगी मिरची आणली, देठं काढून गच्चीवर वाळवली, डंखावर नेली. मसाला आला तो विटकरी! बायको म्हणते डंखवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला मिसळला. तुमच्या मिरच्या देठासकट गेल्या होत्या का? देठ राहिले की कडवटपणा येतो.

अबोली_चिपळूण

@मुंबईचा_मालवणी, यात मिरची नाहीच हो. वर्षभराच्या मालवणी मसाल्याबद्दल नाही विचारत, गरम मसाल्याबद्दल विचारतेय.

बिडाचा_तवा

अबोलीताई, मी कुडाळजवळ बचत गटात मसाल्याचं काम बघते. कडूपणा आणि खडे ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. आधी एवढं सांगा:

भांडं कोणतं आणि शेगडी कोणती होती? सगळं एकाच कढईत एकावर एक टाकत गेलात की प्रत्येक जिन्नस भाजून ताटात काढलात? पहिला जिन्नस कोणता, शेवटचा कोणता? आणि भाजून झाल्यावर ते दळेपर्यंत कुठे होतं, उघडं की झाकलेलं?

अबोली_चिपळूण

स्टीलची पातळ कढई, गॅसचा मोठा बर्नर. सासूबाईंनी पहिल्यांदा जिरे-शहाजिरे टाकले, "वास सुटला पाहिजे" म्हणून. मग धणे, बडीशेप, मग मिरी-लवंग, दालचिनी, वेलच्या, सर्वात शेवटी जायपत्री, तमालपत्र, दगडफूल, खसखस. काढलं काहीच नाही, सगळं त्याच कढईत वाढत गेलं. झाल्यावर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवलं, कारण ओट्यावर मुंग्या फार. तासाभराने मी दळलं. हाताला कोमट लागत होतं, पण चटका वगैरे नव्हता.

वहिनीला फोन केला. तिचा बिडाचा तवा, आणि ती थोडं थोडं भाजून परातीत काढते. क्रम तिचाही जवळपास हाच, जिरे आधी! मग तिचा कडू का नाही?

बिडाचा_तवा

सगळं या शेवटच्या प्रश्नात आलं. क्रम "बरोबर" की "चूक" हे एकट्या क्रमावर ठरत नाही, तुम्ही भाजलेलं काढता की कढईतच ठेवता यावर ठरतं.

काढत असाल तर नाजूक जिन्नस आधी घेतलेले चालतात, उलट सोयीचे. भांडं नुकतं तापलेलं असतं, जिऱ्याला तेवढंच हवं असतं, दीड-दोन मिनिटांत रंग एक छटा उतरतो आणि ते परातीत जातं. पुढचं पुढच्याला. तुमच्या वहिनी हेच करतात.

काढत नसाल तर पहिला पडलेला जिन्नस शेवटपर्यंत आगीवर असतो. तुमच्याकडे जिरे पहिले पडले, म्हणजे दालचिनी तापायला, मसाला वेलची फुगायला जो वेळ लागला तो सगळा जिऱ्याने सोसला. एवढ्या सामानाला एकूण दहा-बारा मिनिटं सहज जातात. जिऱ्याला तीन खूप झाली. शहाजिरं तर त्याहून बारीक. कडूपणा तिथला आहे, माझी खात्री आहे. एकाच कढईत करायचं असेल तर उलट्या क्रमाने जायला हवं: जाड, टणक, उशिरा तापणारं आधी, म्हणजे दालचिनीचे तुकडे, मसाला वेलची, चक्रीफूल. मग मिरी, लवंग. मग धणे. मग बडीशेप, जिरे, शहाजिरे. पत्री आणि पानं गॅस बंद केल्यावर.

पण मी तरी हा मार्ग सुचवत नाही. १०० ग्रॅम धण्यांच्या खाली दालचिनीचा तुकडा करपला की नाही हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट, तुमची कढई. पातळ स्टील मोठ्या बर्नरवर मधोमध जिथे ज्योत लागते तिथे भलतं तापतं आणि कडेला थंड राहतं. वर हलवताना सगळं सारखं दिसतं, पण तळाशी आलेला दाणा दोन सेकंदांत काळा. बिडाचा तवा हळू तापतो आणि सगळीकडून तापतो. त्याची खोडी वेगळी: गॅस बंद केला तरी तो बराच वेळ भाजतच राहतो, म्हणून त्यावरून काढायला उशीर करायचा नाही.

रसायनवाला_दापोली

थोडं शास्त्रीय बोलतो. मसाल्यातली सुगंधी तेलं साधारण दोनशे अंशांच्या आसपास किंवा वर उकळतात. लवंगेतलं युजेनॉल तर २५० च्याही वर. आपली कढई भाजताना तेवढी तापत नाही. त्यामुळे भाजल्याने वास उडतो वगैरे घरगुती समज आहे. आच कमी-जास्त झाली तर फरक पडतो तो फक्त करपण्याचा.

बिडाचा_तवा

उकळबिंदू तुम्ही सांगता तसेच असतील, पण मग भाजताना घरभर सुटतो तो वास कशाचा असतो? जे नाकात आलं ते बरणीतून गेलं. तेल उकळायला लागत नाही, गरम झालं की ते हवेत जायला लागतं.

आणि पातळ कढई मोठ्या बर्नरवर दोनशेच्या वर आरामात जाते. पाण्याचा थेंब टाकून बघा. चर्र करून जागीच आटला तर आच भाजण्याजोगी. थेंब मोत्यासारखा गोल होऊन कढईभर पळायला लागला तर ती दोनशेच्या आसपास किंवा वर गेली, खाली उतरवा. (थेंबाने बघून झालं की कढई कोरडी पुसून घ्या, मग मसाला टाका.)

रसायनवाला_दापोली

हं, बाष्पीभवन उकळण्याआधीही होतं हे मान्य. पण मग भाजायचंच कशाला? कच्चा दळावा. उत्तरेकडे बरेच जण लवंग-वेलची-दालचिनी नुसती उन्हात ठेवून दळतात.

बिडाचा_तवा

अर्ध्या जिनसांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्या गटात याच्यावरून अजून वाद होतो.

माझं मत असं की मसाल्यात दोन जातीचे जिन्नस असतात. धणे, जिरे, खसखस यांना भाजल्यावर नवीन काहीतरी मिळतं. कच्च्या धण्याला लिंबासारखा हिरवा वास असतो, भाजल्यावर तो कमी होतो आणि खमंगपणा येतो, जो कच्च्यात नव्हताच. जिऱ्याचंही तसंच. यांना रंग बदलेपर्यंत भाजायचं.

लवंग, हिरवी वेलची, जायपत्री, दालचिनी यांना भाजून नवीन फारसं मिळत नाही, जे आहे तेच जातं. यांना आपण आगीवर धरतो ते फक्त ओल जावी आणि दळताना नीट मोडावेत म्हणून. त्यांचा रंग बदलताच कामा नये. लवंग जराशी फुगली, दालचिनी मोडताना कट् असा आवाज झाला, वेलचीचं साल बोटात चुरचुरलं की बस. "वास सुटेपर्यंत भाजा" ही सूचना जिऱ्याला ठीक आहे, वेलचीला नाही. वेलचीचा वास घरभर सुटला म्हणजे उशीर झाला.

तुळसकाकी

माका काय तां शास्त्र कळणा नाय, पण माझी सासू चमचाभर खोबरेल तेल घालून भाजायची. तेलान दगडफूल बरा फुलता आणि खय करपणा नाय. कोरडा भाजल्यार करपताच. आणि कढई नको, मातीची खापरी घेवची. चुलीर धगीक ठेवची, जाळार नाय.

बिडाचा_तवा

काकी, निखाऱ्यावरची खापरी मिळाली तर काय हवंय, धग सगळीकडून सारखी लागते. तेलाबद्दल मात्र माझं वेगळं मत. तेलाने दाणा सारखा भाजला जातो हे खरं, दगडफुलाला आणि मिरचीला त्याचा उपयोग होतोही. पण तेल लागलेलं सामान मिक्सरला बारीक होत नाही, पात्याखाली थापलं जातं, आणि चार-सहा महिन्यांत बरणीला खवट वास यायला लागतो. महिन्याभरात संपणार असेल तर तेलात भाजा, ठेवायचा असेल तर कोरडा.

तुळसकाकी

आमचो म्हयन्यात संपताच गो. माणसा किती घरात!

इंडक्शनवाली

डोंबिवलीहून. आमच्या सोसायटीत पाइप गॅसचं काम रखडलंय, त्यामुळे इंडक्शनवरच सगळं. मी ४०० वॉटवर ठेवते तरी जिरे मधल्या गोलात करपतात आणि बाजूचे कच्चे. शिवाय इंडक्शन मधूनमधून बंद-चालू होतं, आच अशी एकसारखी राहतच नाही. काही उपाय?

बिडाचा_तवा

इंडक्शनवर चालणारा जाड बुडाचा बिडाचा तवा घ्या, पाच-सात मिनिटं कमी वॉटवर नुसता तापू द्या, मग भाजायला घ्या. बिड ते बंद-चालू पोटात घेतं. नॉनस्टिक मात्र कोरडं तापवत बसू नका. आणि एका वेळी एकच थर. थराला थर चढला की वरचे दाणे खालच्यांच्या वाफेवर शिजतात, भाजले जात नाहीत.

अबोली_चिपळूण

हे सगळं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही चाळीस वर्षं काय कडू मसाला खाल्ला का?" मग मीच विचारलं की पूर्वी भांडं कोणतं होतं. तर म्हणे बिडाची कढई होती, ती माळ्यावर आहे, जड म्हणून काढत नाहीत. चुलीवर करत होत्या आणि तेव्हा माप चौपट असायचं. म्हणजे चाळीस वर्षांच्या अनुभवात पातळ कढई आणि मोठा बर्नर गेल्या चार-पाच वर्षांतला. हे बोलले नाही, इथे लिहितेय.

आता खड्यांचं सांगा. ते तर माझ्याच खात्यात येतं, दळलं मी.

नारळीपुनव

बरणीत तांदळाचे चार दाणे टाका. खडे होणार नाहीत.

गिरणवाला_राजापूर

आमची मसाल्याची चक्की आहे, म्हणून बोलतो. बायका भाजून डबा घट्ट बंद करून रिक्षातून थेट चक्कीवर आणतात. झाकण उघडलं की आतून घाम आलेला. तो डबा मी दळायला घेत नाही, आधी परातीत ओता म्हणतो. राग येतो लोकांना, पण ते तसंच टाकलं की चक्कीत लगदा बसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचाही खोळंबा. आणखी एक, चक्कीतून उतरणारा मसाला स्वतःच गरम असतो. मी पिशवीचं तोंड बांधून देत नाही. घरी जाऊन पसरा म्हणून सांगतो, निम्मे लोक पसरत नाहीत.

बिडाचा_तवा

गिरणवाल्या दादांनी माझं निम्मं काम केलं. अबोलीताई, तुमच्याकडे झाकण ठेवलं तिथे खड्यांची सुरुवात झाली. भाजलेल्या दाण्यातून काढून घेतल्यावरही वाफ बाहेर येत असते. ती उघड्यावर निघून जाते. झाकणाखाली ती झाकणाला लागते, पाणी होते आणि परत मसाल्यावर पडते. शिवाय झाकलेल्या कढईत खालचा थर भाजतच राहिला, म्हणजे कडूपणातही त्याने भर घातली.

मग ते कोमट असताना मिक्सरमध्ये गेलं. मिक्सरचं पातं स्वतःच्या घर्षणाने भांडं तापवतं. गार मसाला घातला तरी मिनिटभरात भांडं हाताला गरम लागतं. कोमट घातला तर तो अजून चढतो, धण्यातलं आणि विशेषतः खसखशीतलं तेल सुटतं, राहिलेली ओल वाफ होऊन झाकणाच्या आतून धरते, आणि दोन्ही मिळून पिठाला चिकटवतात. बरणी भरताना पीठ सुटं दिसतं. खडे नंतर धरतात.

"चटका नव्हता" ही खूण पुरत नाही, कारण हात वरचा थर बघतो. हाताने ढीग बाजूला करून परातीच्या पत्र्याला हात लावा. तिथे ऊब असेल तर आत आहेच. मी आणखी एक बघते: ढिगावर काचेचं कोरडं झाकण उपडं ठेवते, पाचेक मिनिटांनी उचलते. काच आतून धुरकट झाली असेल तर दळायचं नाही, परत पसरायचं.

अबोली_चिपळूण

मग रात्री भाजून सकाळी दळलं तर? रात्रभरात पूर्ण गार होईल.

बिडाचा_तवा

मे महिन्यात चालेल. आत्ता अजिबात नको. आपल्या किनाऱ्यावरची पावसाळ्यातली हवा म्हणजे भाजलेला पापड ताटात ठेवून बघा, थोड्याच वेळात वाकायला लागतो. मसाल्याचं तसंच. भाजून तुम्ही ओल घालवलीत, रात्रभर उघडा ठेवलात की तो ती परत घेणार. सकाळी जिरे दोन बोटांत चुरून बघाल तर भुगा व्हायच्या ऐवजी चपटे होतील.

म्हणून पावसात ही एक अरुंद फट आहे. गार पूर्ण व्हायला हवं, पण सादळायला नको. एका थरात पसरलं तर मोठ्या धातूच्या परातीत वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो, कारण धातू ऊब खेचून घेतो. कागदावर किंवा ढिगात ठेवलं तर जास्त लागतं. गार झाल्याची खात्री झाली की ताबडतोब दळा, किंवा कोरड्या घट्ट डब्यात भरा आणि त्याच दिवशी दळा. मुंग्यांसाठी परात पाण्याच्या ताटलीत वाटीवर उभी करा, झाकू नका.

आणि सादळलाच, तर बिडाचा तवा तापवून गॅस बंद करायचा, त्यावर मिनिटभर फिरवायचा, परत पसरायचा. पुन्हा भाजायचा नाही.

रसायनवाला_दापोली

फ्रिजमध्ये ठेवला तर? दहा मिनिटांत गार, आणि फ्रिजची हवा कोरडी असते.

इंडक्शनवाली

मी केलंय हे! उन्हाळ्यात छान झाला होता.

बिडाचा_तवा

फ्रिजमधली हवा कोरडी असते, पण बाहेरची नसते. थंडगार परात बाहेर काढली की बाहेरची ओल तिच्यावर आणि मसाल्यावर बसते, पाण्याच्या थंड बाटलीला येते तशी. तुमच्या डोंबिवलीत उन्हाळ्यात निभावलं असेल. वेंगुर्ल्यात ऑगस्टमध्ये नाही निभावणार.

गिरणवाला_राजापूर

पंखा लावावा का यावर आमच्या घरी भांडण आहे. मी म्हणतो लावा, लवकर गार होतो. बायको म्हणते पंखा पावसाची हवाच त्यावर मारतो.

बिडाचा_तवा

दोघांचंही खरं. पहिली दहा मिनिटं मसाला गरम असतो, तोवर पंख्याने वाफ उडून जाते, फायदा आहे. गार झाल्यावर पंखा चालू ठेवला तर तोटा. पण त्या दहा मिनिटांत जायपत्री आणि तमालपत्र घरभर उडतात, ते वेगळंच काम.

खाडीकाठ

उशिरा आलो. तिरफळं कधी घालायची ते कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे तिरफळाशिवाय मसाला नाही.

तुळसकाकी

तिरफळा गरम मसाल्यात खय घालतत रे? ती बांगड्याच्या तिखल्यात. मसाल्यात घातल्यार मटणाक वास मारतलो.

खाडीकाठ

आमच्या घरी घालतात काकी. थोडी.

नारळीपुनव

हे सुरू झालं की धागा शंभरी गाठणार.

अबोली_चिपळूण

केला एकदाचा. कसा केला ते लिहिते, कुणाला उपयोग होईल म्हणून.

माळ्यावरची बिडाची कढई काढली. सासूबाईच भाजायला बसल्या, मी परात घेऊन शेजारी. छोटा बर्नर. कढई कोमट असताना आधी शहाजिरे, मग जिरे. जिरे दोन बोटांत चुरले की भुगा झाला तेव्हा काढले, रंग जेमतेम बदलला होता. सासूबाईंना ते कच्चे वाटत होते, पण परातीत गेल्यावर त्यांचा रंग अजून एक छटा उतरला, तेव्हा गप्प झाल्या. मग बडीशेप, मग धणे दोन घाण्यांत. एक दाणा चावून बघितला, कुरुम वाजला तेव्हा काढला. मग कढई थोडी तापलेली होती तेव्हा दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल. मिरी एकदोन तडतडल्या, लगेच लवंग टाकून मिनिटभरात दोन्ही काढल्या. गॅस बंद केला. कढई जरा निवली तेव्हा हिरवी वेलची, शेवटी जायपत्री, तमालपत्र, दगडफूल, नुसतं फिरवून काढलं. खसखस वेगळी, अगदी शेवटी, पुन्हा जरा गॅस लावून. ती सतत हलवावी लागली, आणि तरी एक कोपरा तांबडा झालाच. तो टाकून दिला.

पसरून अर्धा तास. काचेचं झाकण पहिल्यांदा धुरकट झालं, दुसऱ्यांदा नाही. मिक्सरला आधी दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल दळून चाळलं, वर राहिलेली भरड धण्यांबरोबर पुन्हा दळली. खसखस शेवटच्या घाण्यात थोडी थोडी. दहा सेकंद फिरवायचं, थांबायचं. भांडं गरम लागलं की दुसरं भांडं. दळलेलं परत पसरलं आणि गार झाल्यावर बरणी भरली.

कडू नाही. चार दिवस झाले, खडे अजून नाहीत, पण आधीही आठव्या दिवशीच दिसले होते, तेव्हा आत्ता काही बोलत नाही.

एक मात्र आहे. वहिनीच्या मसाल्याला जो दालचिनीचा गोडसर वास आहे तो आमच्यात अजूनही नाही. आता तर भाजणंही तिच्यासारखंच केलं.

बिडाचा_तवा

वहिनींना विचारा की दालचिनी पिशवीतलीच वापरली की परसातली. देवगड-वेंगुर्ल्याकडे पुष्कळ घरांत कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण तेज'ची झाडं आहेत. ती साल पातळ असते, वाण्याकडची जाड असते. पातळ साल तापायला निम्मा वेळ लागतो आणि तिचा वासही गोडसर असतो. माप तेच ठेवून जिन्नस बदललेला असू शकतो.

अबोली_चिपळूण

विचारलं. हसली. दालचिनी परसातली, आणि तमालपत्राच्या जागी त्याच झाडाची वाळलेली पानं. "वाण्याची दालचिनी चहात टाकते," म्हणाली.

रसायनवाला_दापोली

म्हणजे मुळात तुलनाच सारखी नव्हती. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या.

तुळसकाकी

तां पान जास्त घालू नको हां. लवंगेसारख्या वास मारता.

खाडीकाठ

जायफळाचं काय ठरलं? अर्धं जायफळ भाजलंत की किसून घातलंत?

अबोली_चिपळूण

किसून, न भाजता, शेवटच्या घाण्यात. सासूबाई तव्यावर जरा टेकवा म्हणत होत्या.

बिडाचा_तवा

मी किसते. आमच्या गटातल्या निम्म्या जणी फोडून तव्यावर टेकवतात, आणि त्यांचा मसालाही विकला जातो.